रंकाळ्याच्या पाण्याचे नमुने घेण्यासाठी महानगरपालिकेकडे परवानगीचे पत्र: पहिल्यांदाच लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

महाविद्यालयीन प्रकल्पासाठी तलावाचे पाणी तपासायचे ठरले की विद्यार्थी आधी बाटल्या जमवतात, प्रयोगशाळेतील रसायने मोजतात आणि परवानगीचे पत्र मात्र अगदी शेवटी, बहुधा कोणाच्या तरी जुन्या पत्रावरून नावे बदलून, अर्ध्या तासात लिहून टाकतात. मी पर्यावरणशास्त्र शिकवते आणि दरवर्षी अशी पत्रे माझ्याकडे सहीसाठी येतात. त्यांतील बहुतेकांत नम्रता भरपूर असते, पण अधिकाऱ्याला निर्णय घेण्यासाठी जे माहीत हवे ते काहीच नसते. मी स्वतः विद्यार्थिनी असताना आमच्या गटाने एका कार्यालयात दिलेल्या पत्रात ‘तलावाच्या प्रदूषणाचा अभ्यास करावयाचा असल्याने परवानगी मिळावी’ एवढेच लिहिले होते. ते पत्र जवळपास सात आठवड्यांनी ‘सविस्तर माहितीसह फेरसादर करावे’ अशा एका ओळीच्या शेऱ्यासह परत आले, आणि तोपर्यंत आमचे सत्र संपत आले होते. त्या शेऱ्याचा तेव्हा फार राग आला होता. आता वाटते की शेरा योग्यच होता. कारण नमुने कोठून, किती, कधी आणि कोण घेणार, यातले काहीही आम्ही सांगितले नव्हते.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेते. कोल्हापुरातील एका महाविद्यालयातील बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या चार विद्यार्थ्यांचा गट डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तीन महिन्यांत रंकाळा तलावाच्या काठावरील चार ठिकाणांहून पाण्याचे नमुने घेणार आहे, आणि त्यासाठी त्याला कोल्हापूर महानगरपालिकेची लेखी परवानगी हवी आहे.

पत्राआधी आराखडा

पत्र लिहायला बसण्यापूर्वी नमुने घेण्याचा आराखडा एका पानावर मांडून घ्यावा. पत्रातील निम्मी वाक्ये या पानातूनच उतरतात, आणि आराखडा कच्चा असेल तर पत्रात कितीही शुद्ध मराठी असली तरी ते पोकळच राहते.

पहिली गोष्ट ठिकाणांची. एका सकाळी सर्वांनी मिळून तलावाभोवती चालत फेरी मारावी आणि काठावरून, पाण्यात न उतरता, सुरक्षितपणे हात किंवा दांडीला बांधलेली बाटली पोहोचेल अशा जागा निवडाव्यात. आपल्या उदाहरणातील गटाने संध्यामठाजवळचा काठ, रंकाळा टॉवरजवळचा काठ, शालिनी पॅलेसच्या बाजूचा काठ आणि एका नाल्याच्या मुखाजवळची जागा अशी चार ठिकाणे निवडली. तलावाच्या मधोमध जाऊन नमुना घेण्याचा मोह अनेकांना होतो, कारण काठावरचे पाणी हे संपूर्ण तलावाचे पाणी नव्हे. ही शंका खरी आहे. तरीही मध्यभागी जायचे म्हणजे होडी, होडी चालवणारा, जीवरक्षक जाकिटे आणि अपघाताची जबाबदारी हे सारे विषय परवानगीत येतात, आणि पदवीच्या तीन महिन्यांच्या प्रकल्पाला त्यातून बाहेर पडायला वेळ उरत नाही. त्याऐवजी प्रकल्पाच्या शीर्षकातच ‘काठालगतच्या पाण्याचा’ असे लिहावे. मर्यादा उघडपणे सांगितली की ती दोष राहत नाही.

केंदाळाचाही विचार आधीच करावा. निवडलेल्या जागी एखाद्या महिन्यात केंदाळ दाटून आले तर तेथे बाटली बुडवताच येत नाही, आणि केंदाळ बाजूला ढवळून घेतलेल्या पाण्यात तळाचा गाळ व हवा मिसळलेली असते. म्हणून प्रत्येक ठिकाण काठाने 10 मीटरपर्यंत सरकवण्याची मुभा पत्रातच मागून ठेवावी. ही लहानशी ओळ नसेल तर विद्यार्थी एक तर चुकीचा नमुना घेतात, नाही तर परवानगीबाहेरच्या जागी उभे राहतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या परिमाणाची. ‘पुरेसे नमुने’ हे शब्द कार्यालयाच्या उपयोगाचे नाहीत. आपला गट प्रत्येक ठिकाणी काचेच्या, घासून बसणाऱ्या बुचाच्या 300 मिलिलिटरच्या दोन बाटल्या भरणार आहे. एक विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी आणि दुसरी जैविक ऑक्सिजन मागणीसाठी, जिला प्रयोगशाळेत सगळे बीओडी म्हणतात. याशिवाय नायट्रेट, फॉस्फेट आदी चाचण्यांसाठी एक लिटरचा एक कॅन भरला जाईल. म्हणजे एका ठिकाणी 1.6 लिटर, चार ठिकाणी मिळून 6.4 लिटर आणि तीन फेऱ्यांत मिळून 19.2 लिटर. ‘तीन महिन्यांत एकूण सुमारे 20 लिटर’ असा आकडा समोर आला की टँकर येणार का, पंप लागणार का, असले प्रश्न उद्भवतच नाहीत.

तिसरी गोष्ट वेळ आणि वार. येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण हा मुद्दा विद्यार्थ्यांना सोयीचा प्रश्न वाटतो आणि तो तसा नाही. शेवाळ असलेल्या तलावात दिवसा सूर्यप्रकाशात शेवाळ ऑक्सिजन सोडते आणि रात्रभर सारेच जीव तो वापरतात. त्यामुळे पहाटे पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन सर्वांत कमी आणि दुपारनंतर बराच जास्त असू शकतो. डिसेंबरमध्ये सकाळी आठला आणि जानेवारीत दुपारी दोनला नमुना घेतला, तर दोन आकड्यांतील फरक महिन्याचा की घड्याळाचा हे कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून तिन्ही फेऱ्या सकाळी 7 ते 9 याच वेळेत व्हाव्यात, चारही ठिकाणांचा क्रम दर वेळी तोच ठेवावा, आणि परवानगीत ही वेळ स्पष्ट यावी.

वाराचे कारण प्रयोगशाळेतले आहे. आपल्याकडे बीओडीची बाटली साधारणपणे 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी तिच्यातला उरलेला ऑक्सिजन मोजतात. गुरुवारी नमुना घेतला तर मोजणीचा दिवस रविवार येतो आणि महाविद्यालय बंद असते. मंगळवारी घेतला तर शुक्रवार येतो. म्हणून पत्रात तारखा न लिहिता ‘प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातील मंगळवारी, आणि तो दिवस शक्य न झाल्यास लगतच्या बुधवारी’ असे लिहावे. ठरावीक तारीख लिहिली आणि त्या दिवशी सुट्टी जाहीर झाली की नव्याने परवानगी मागण्याची पाळी येते.

पत्र कोणाला आणि कोणामार्फत

रंकाळा महानगरपालिकेच्या ताब्यातील तलाव असल्याने पत्र आयुक्तांच्या नावे द्यावे. प्रत्यक्षात ते पत्र संबंधित विभागाकडे पाठवले जाते आणि तेथेच त्यावर टिपणी तयार होते. म्हणून चौकशी कक्षात आधी विचारून घ्यावे की या तलावाचे काम सध्या कोणता विभाग पाहतो, आणि त्या विभागाचे नाव आयुक्तांच्या पदनामाखाली लिहावे. शहरातील किंवा हद्दीलगतचा दुसरा एखादा तलाव निवडला असेल तर ही चौकशी अधिकच गरजेची ठरते. उदाहरणार्थ, कळंबा तलावातून शहराला पाणी दिले जात आले आहे. त्यामुळे तेथे पाणीपुरवठा विभागाचा थेट संबंध येतो. पिण्याच्या पाण्याच्या साठ्याजवळ रसायनांची पेटी घेऊन जाणाऱ्या मुलांविषयी त्या विभागाला अधिक काळजी वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

पत्र विद्यार्थ्याच्या नावाने असले तरी ते प्राचार्यांमार्फत गेले पाहिजे. ‘मार्फत’ हा शब्द केवळ शोभेचा नाही. त्या शब्दामुळे प्राचार्यांची सही, महाविद्यालयाचा शिक्का आणि जावक क्रमांक पत्रावर येतो, आणि चार अनोळखी मुलांऐवजी एक संस्था जबाबदारी घेऊन समोर उभी आहे हे वाचणाऱ्याला कळते. विद्यार्थ्याने पत्र स्वतंत्रपणे नेऊन दिले तर बहुधा पहिला प्रश्न ‘कॉलेजचे पत्र कुठे आहे?’ हाच असतो.

पत्राचा मसुदा

विषयाची ओळ सर्वांत आधी आणि सर्वांत काळजीने लिहावी, कारण आवक नोंदवहीत तीच उतरवली जाते आणि पुढे पत्राचा शोध तिच्यावरूनच लागतो. ‘रंकाळा तलावातील प्रदूषणाची तपासणी करणेबाबत’ ही ओळ दोन कारणांनी चुकीची आहे. तपासणी हे अधिकृत यंत्रणेचे काम आहे, विद्यार्थ्यांचे नव्हे; आणि नमुना घेण्याआधीच प्रदूषण आहे असे गृहीत धरणे अभ्यासाच्या दृष्टीनेही योग्य नाही. मागायचे ते नमुने घेण्याची परवानगी, आणि तेवढेच विषयात यावे.

उदाहरणातील गटाचे पूर्ण पत्र असे होईल.

प्रति,
मा. आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका, कोल्हापूर.
(पर्यावरण विभाग)

मार्फत: मा. प्राचार्य, (महाविद्यालयाचे नाव), कोल्हापूर.

विषय: रंकाळा तलावाच्या काठावरून शैक्षणिक प्रकल्पासाठी पाण्याचे नमुने घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

मी (महाविद्यालयाचे नाव) येथे बी.एस्सी. तृतीय वर्षात पर्यावरणशास्त्र विषयाचे शिक्षण घेत असून, आमच्या चार विद्यार्थ्यांच्या गटाने ‘रंकाळा तलावाच्या काठालगतच्या पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन आणि पोषक क्षार: चार ठिकाणांची तुलना’ हा प्रकल्प अभ्यासक्रमाचा भाग म्हणून घेतला आहे. या प्रकल्पाचे मार्गदर्शन आमच्या विभागातील प्राध्यापक (नाव) करीत आहेत.

यासाठी सोबतच्या नकाशात दर्शविलेल्या चार ठिकाणांहून डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तीन महिन्यांत प्रत्येकी एकदा, महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातील मंगळवारी व तो दिवस शक्य न झाल्यास लगतच्या बुधवारी, सकाळी 7 ते 9 या वेळेत नमुने घेण्याचे नियोजन आहे. पाण्यातील ऑक्सिजनचे प्रमाण दिवसभरात बदलत असल्याने तिन्ही वेळी हीच वेळ राखणे आवश्यक आहे. प्रत्येक ठिकाणी 1.6 लिटर, म्हणजे एका वेळी 6.4 लिटर व तीन महिन्यांत एकूण सुमारे 20 लिटर पाणी घेतले जाईल. एखाद्या ठिकाणी केंदाळ किंवा अन्य अडथळा असल्यास ते ठिकाण काठाने 10 मीटरपर्यंत सरकवण्याची मुभा असावी, ही विनंती.

सर्व नमुने काठावरूनच घेतले जातील. कोणीही विद्यार्थी पाण्यात उतरणार नाही आणि होडीचा वापर केला जाणार नाही. प्रत्येक वेळी एक शिक्षक उपस्थित राहतील. ऑक्सिजनच्या चाचणीसाठी जागेवर अल्प प्रमाणात रसायने वापरावी लागतात; ती ट्रेमध्ये ठेवूनच हाताळली जातील आणि रसायनमिश्रित पाणी, रिकाम्या बाटल्या व इतर कचरा महाविद्यालयात परत नेला जाईल. तलावात किंवा काठावर काहीही टाकले जाणार नाही.

हे नमुने केवळ शैक्षणिक अभ्यासासाठी असून, प्रकल्प पूर्ण झाल्यावर अहवालाची एक प्रत आपल्या कार्यालयास सादर केली जाईल.

तरी वरीलप्रमाणे नमुने घेण्यास लेखी परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, गटप्रमुख, वर्ग, हजेरी क्रमांक, संपर्क)

सोबत: नमुना ठिकाणांचा नकाशा, गटातील विद्यार्थ्यांची यादी व ओळखपत्रांच्या प्रती, मार्गदर्शक प्राध्यापकांचे पत्र, हमीपत्र.

हे पत्र एका पानापेक्षा थोडे मोठे होते आणि ते तसेच असावे. विद्यार्थ्यांनी ते नेमक्या याच शब्दांत उतरवावे अशी माझी अपेक्षा नाही. आकडे, ठिकाणे आणि चाचण्या आपल्याच आराखड्यातून याव्यात. विभागाचे नावही चौकशीत कळेल तेच लिहावे.

मसुद्यातील दोन वाक्यांविषयी

रसायनांचे वाक्य विद्यार्थी सहसा गाळतात, कारण त्यांना वाटते की रसायनांचा उल्लेख केला तर परवानगी नाकारली जाईल. माझा सल्ला नेमका उलट आहे. विरघळलेला ऑक्सिजन बाटलीत टिकत नाही. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो बदलतो, म्हणून विंकलर पद्धतीत काठावरच 300 मिलिलिटरच्या बाटलीत मँगनीज सल्फेटचे आणि अल्कली-आयोडाइड-अझाइडचे प्रत्येकी 2 मिलिलिटर द्रावण घालून ऑक्सिजन ‘बांधावा’ लागतो. बाटली काठोकाठ भरलेली असते. त्यामुळे द्रावणे घालून बूच बसवताना साधारण तेवढेच, म्हणजे सुमारे 4 मिलिलिटर पाणी बाहेर सांडते, आणि त्यात ही रसायने थोडी का होईना असतात. अझाइड विषारी आहे. ट्रे नसेल तर हे पाणी थेट घाटावर, जेथे लोक बसतात आणि मुले खेळतात, तेथे सांडते. पाहणारा सुरक्षारक्षक किंवा फिरायला आलेले नागरिक अशा वेळी आक्षेप घेतात आणि त्यांचा आक्षेप बरोबर असतो. म्हणून ट्रे, हातमोजे आणि झाकण असलेला एक रिकामा कॅन ही तयारी खरोखर करावी, आणि केली आहे म्हणूनच ती पत्रात लिहावी.

दुसरे वाक्य निकालांविषयीचे. अहवालाची प्रत देण्याचे आश्वासन जरूर द्यावे. पण ‘आपल्या परवानगीशिवाय निष्कर्ष कोठेही मांडणार नाही’ असे विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात लिहून देऊ नये. तसा प्रश्न आलाच तर त्याचे उत्तर मार्गदर्शक आणि प्राचार्यांनी द्यावे. त्याचबरोबर, पहिल्याच फेरीचे आकडे समाजमाध्यमांवर टाकणे किंवा वर्तमानपत्राकडे नेणे हेही चुकीचे आहे. एका सकाळच्या चार बाटल्यांवरून तलावाविषयी निवाडा करता येत नाही. कार्यालयाच्या मनात आणखी एक शंका असते: या आकड्यांचा उद्या तक्रारीत पुरावा म्हणून उपयोग होईल का? जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 च्या कलम 21 मध्ये अधिकृत नमुना कसा घ्यावा याची पद्धत घालून दिलेली आहे. त्यात संबंधिताला सूचना देणे, नमुन्याचे दोन भाग करणे, ते मोहोरबंद करणे इत्यादी गोष्टी येतात, आणि ती पद्धत पाळली नाही तर विश्लेषणाचा निकाल त्या अधिनियमाखालील कारवाईत पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. विद्यार्थ्यांचा नमुना त्या अर्थाने अधिकृत नमुना नसतो. कोणी विचारले तर हे शांतपणे सांगता आले पाहिजे. ‘केवळ शैक्षणिक अभ्यासासाठी’ हे शब्द पत्रात आहेत ते यासाठी.

एक चूक मात्र वारंवार दिसते म्हणून येथेच नोंदवते. अनेक जण याच पत्रात ‘मागील पाच वर्षांचे पाणी तपासणी अहवालही मिळावेत’ अशी पुस्ती जोडतात. त्यामुळे एका पत्रात दोन विषय होतात, ते दोन टेबलांवर जावे लागते आणि परवानगी अहवालांच्या शोधात अडकते. जुने आकडे हवे असतील तर वेगळे पत्र द्यावे, किंवा माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून वेगळा अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे त्यात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा असते, आणि उत्तरासाठी साधारणतः 30 दिवसांची मुदत असते.

हमीपत्र

पाण्याच्या काठावर विद्यार्थी म्हटले की अधिकाऱ्याच्या मनात पहिला विचार बुडण्याच्या दुर्घटनेचा येतो, आणि तो यायलाच हवा. हमीपत्र हे त्या विचाराचे उत्तर असते. ते महाविद्यालयाच्या कागदावर असावे आणि त्यावर चारही विद्यार्थी, त्यांचे पालक व मार्गदर्शक यांच्या सह्या असाव्यात. कोणीही पाण्यात उतरणार नाही, घाटाच्या निसरड्या पायरीवर एकटे उभे राहणार नाही, प्रत्येक ठिकाणी किमान दोघे एकत्र असतील, शिक्षक गैरहजर असल्यास त्या दिवशी नमुने घेतले जाणार नाहीत आणि सुरक्षिततेची जबाबदारी महाविद्यालयाची राहील, एवढे त्यात साध्या शब्दांत यावे. पालकांची सही मागताना विद्यार्थी संकोचतात, कारण ते सज्ञान असतात. तरीही ती घ्यावी, असे माझे मत आहे. घरच्यांना मुले सकाळी सातला कोठे आहेत हे माहीत असणे चांगले.

पत्र देणे आणि त्याचा पाठपुरावा

पत्र पहिल्या फेरीच्या किमान सहा आठवडे आधी द्यावे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात करायची असेल तर ऑक्टोबरच्या अखेरीस ते कार्यालयात असले पाहिजे, आणि दिवाळीच्या सुट्ट्या लक्षात घेता त्याहूनही आधी दिले तर उत्तम. मूळ पत्र सहपत्रांसह आवक कक्षात द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का असलेली पोच घ्यावी. पोच न घेता पत्र थेट एखाद्या टेबलावर ठेवून आलेल्या विद्यार्थ्यांना पुढे काहीही विचारता येत नाही, कारण त्यांचे पत्र नोंदीत नसतेच. पोचप्रतीचे छायाचित्र त्याच दिवशी चौघांनीही आपापल्या फोनमध्ये काढून ठेवावे.

आठ-दहा दिवसांनी गटातील एकाच व्यक्तीने, शक्यतो दर वेळी त्याच व्यक्तीने, आवक क्रमांक घेऊन जावे आणि पत्र कोणत्या विभागाकडे मार्क झाले आहे एवढेच विचारावे. विभाग कळला की तेथील लिपिकाकडे टिपणी ठेवली आहे का, काही कागद कमी आहे का, हे विचारावे. कमी असलेला कागद त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दिला तर काम पुढे सरकते. तीन आठवडे होऊनही काही न कळल्यास स्मरणपत्र द्यावे; त्यात ‘संदर्भ’ म्हणून मूळ पत्राचा आवक क्रमांक व तारीख लिहावी आणि सगळा मजकूर पुन्हा न लिहिता मूळ पत्राची प्रत जोडावी.

परवानगी आली की ती आनंदाने दप्तरात न ठेवता आधी अटी वाचाव्यात. आमच्या एका गटाला मिळालेल्या परवानगीत ‘कार्यालयीन वेळेत’ नमुने घ्यावेत अशी अट होती. त्या मुलांनी ती वाचलीच नाही आणि सकाळी सातला बाटल्या घेऊन गेलेल्या मुलांना काठावरून परत यावे लागले. अशी अट आली तर परवानगीचा जावक क्रमांक संदर्भात देऊन, वेळेचे कारण दोन ओळींत पुन्हा सांगून, दुरुस्तीची विनंती करावी. दुरुस्ती झाली नाही तर वाद न घालता तिन्ही फेऱ्या सकाळी दहालाच सुरू कराव्यात आणि अहवालात ती वेळ नोंदवावी. दहाचे आकडे आठच्या आकड्यांपेक्षा वेगळे येतील, पण तिन्ही महिन्यांत वेळ एकच असल्यामुळे त्यांची आपसांत तुलना करता येईल. निम्म्या फेऱ्या आठला आणि निम्म्या दहाला, हे मात्र कधीही करू नये.

नमुना घेण्याच्या दिवशी आणि त्यानंतर

आदल्या दिवशी संबंधित विभागाला फोन करून किंवा ई-मेलने उद्या सकाळी येत असल्याचे कळवावे. परवानगी देणारे अधिकारी आणि सकाळी सातला काठावर असणारा कर्मचारी या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, आणि दुसऱ्याला त्या पत्राची माहिती असेलच असे नाही. म्हणून परवानगीची प्रत आणि प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे, विचारण्याआधी आपणच दाखवावे. तेथील कर्मचाऱ्याने थांबायला सांगितले तर थांबावे आणि शिक्षकांना बोलू द्यावे.

परवानगीत लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद वहीत ठेवावी: ठिकाण, घड्याळातील वेळ, घेतलेले पाणी, ठिकाण सरकवले असल्यास किती मीटर आणि का, उपस्थित शिक्षकांची सही. बादलीत उंचावरून पाणी ओतून बाटली भरू नये, कारण त्यात हवा मिसळून ऑक्सिजनचा आकडा खोटा वाढतो. बाटली पृष्ठभागाखाली साधारण 30 सेंटिमीटरवर, बुडबुडा न राहील अशी भरावी. एखाद्या ठिकाणी काठाला तेवढी खोली नसेल तर जितकी मिळाली तितकी लिहावी.

फेब्रुवारीची फेरी संपून अहवाल तयार झाला की त्याची प्रत आश्वासनाप्रमाणे कार्यालयात द्यावी. त्यासोबत चार ओळींचे पत्र असावे, संदर्भात परवानगीचा जावक क्रमांक असावा आणि त्या पत्राचीही पोच घ्यावी. आकडे काठालगतच्या चार ठिकाणांचे व तीन सकाळींचे आहेत हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहावे. पुढच्या वर्षीचा गट याच तलावावर काम करणार असेल तर त्याच्या पत्रात ‘संदर्भ’ या शब्दापुढे लिहायला हाच आवक क्रमांक उपयोगी पडतो. तेव्हा ती पोचप्रत विभागाच्या फाईलमध्ये लावून ठेवावी.